हजारी किती इंधन जळाले आणि त्यातले विटेत किती गेले: उघड्या भट्टीचा हिशोब

इंदूरच्या आसपास, काळ्या मातीच्या पट्ट्यात, कुठल्याही वीटभट्टीवर जाऊन "हजारी किती लागतं?" असे विचारले की उत्तर लगेच मिळते: हजार विटांमागे दोनशे किलो, सव्वादोनशे किलो कोळसा. हा आकडा घेऊन दोन भट्ट्यांची तुलना होते, नव्या पद्धतीत किती वाचेल ते ठरते आणि कधी कधी कर्जाचा प्रस्तावही तयार होतो. अडचण अशी की या एका आकड्यात तीन गोष्टी नसतात. कोळशाखेरीज जळालेले इंधन नसते, कोळशाचा कस नसतो आणि विटेचे वजन नसते. पुढचा प्रश्न, म्हणजे जळालेल्या उष्णतेपैकी विटेत किती गेली, याचे तर एकाच भट्टीसाठी 60 टक्के, 23 टक्के आणि 12 टक्के अशी तीन उत्तरे ऐकायला मिळतात. तिन्ही हिशोबाने बरोबर असू शकतात, कारण तिघांनी वेगवेगळी गोष्ट मोजलेली असते.

हा लेख बिनचिमणीच्या, थर रचून खालून पेटवायच्या उघड्या भट्टीबद्दल आहे. या भट्टीत सगळे इंधन आधीच भरलेले असते. चिमणीच्या भट्टीसारखे रोज वरून टाकत राहावे लागत नाही, त्यामुळे हिशोब एका भरणीत सुरू होतो आणि त्याच भरणीत संपतो. उदाहरणासाठी 50,000 विटांची एक भरणी घेतली आहे. तिचे आकडे गणित सोपे व्हावे म्हणून गोल ठेवले आहेत, पण काळ्या मातीच्या भट्टीत शोभतील असेच आहेत. तुमच्या भरणीचे आकडे त्या जागी घालत चला.

## टप्पा 1: वही चिखल कालवण्याच्या दिवशी उघडा

बहुतेक जण वही भट्टी रचताना उघडतात. तोवर इंधनाचा एक मोठा हिस्सा विटेच्या पोटात जाऊन बसलेला असतो. काळी माती वाळताना आकसते आणि फाटते, म्हणून तिच्यात भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा बॉयलरची राख कालवतात. तूस आणि भुसा हे सरळसरळ इंधनच आहे. भट्टी तापली की ते विटेच्या आतूनच जळते. राखेचे मात्र सांगता येत नाही. काही बॉयलरांच्या राखेत न जळलेला कोळसा चांगलाच उरलेला असतो, काहींच्या राखेत जवळपास काहीच नसतो.

मोजायची रीत सोपी आहे. तुसाची दहा पोती तोलून एका पोत्याचे सरासरी वजन काढा. प्रत्येक कालवणात किती पोती पडली आणि त्या कालवणाच्या किती विटा थापल्या, ते त्याच दिवशी लिहा. महिन्याभराने आठवून लिहिलेला आकडा इथे चालत नाही, कारण पोत्यांचा हिशोब कालवणागणिक बदलतो.

आपल्या उदाहरणात 50,000 विटांत मिळून 5 टन तूस गेले, म्हणजे विटेमागे 100 ग्रॅम.

तपासा: एकाच भट्टीत दोन वेगळ्या कालवणांच्या विटा रचणार असाल, तर त्या किती आणि कुठल्या थरात, हे आताच ठरवून लिहा. रचल्यावर त्या ओळखू येत नाहीत.

## टप्पा 2: इंधनाचे वजन आणि नमुना एकाच दिवशी

कोळशाची गाडी धर्मकाट्यावर तोलली जाते, त्यामुळे वजनाची पावती हाताशी असते. पण ते वजन गाडी आली त्या दिवसाचे असते. मधल्या काळात ढीग उन्हात वाळतो, अवकाळी पावसात भिजतो किंवा धूळ बसावी म्हणून त्यावर पाणी मारले जाते. म्हणून भट्टीत जाणारा कोळसा भरतानाच टोपल्यांनी मोजा. अधूनमधून भरलेली टोपली काट्यावर ठेवा, आणि शेवटी उरलेला कोळसा तोलून वजा करा. पेटवणीची लाकडेही तोला. ती थोडी वाटतात, पण हिशोबात दहा टक्क्यांपर्यंत जातात.

आता कस. कोळशाचा उष्मांक प्रयोगशाळेत बाँब कॅलरीमापीवर काढतात. तिथे चमचाभर कोळसा जळतो, म्हणून तो चमचा अख्ख्या ढिगाचा प्रतिनिधी हवा. ढिगाच्या वरून, मधून आणि पायथ्याकडून आठ-दहा ठिकाणचा कोळसा घ्या. चुरा आणि ढेकळे दोन्ही येऊ द्या. ढेकळे फोडून सगळे एकत्र करा, गोल पसरा, फावड्याने चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन टाकून द्या. उरलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करा. दोन-तीन किलो उरले की प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक, घट्ट बांधून त्याच दिवशी पाठवा.

जपा: अहवालात उष्मांक "हवेत वाळवलेल्या" नमुन्याचा असेल, तर तो ओल्या ढिगाच्या वजनाला गुणू नका. कोळसा जसा भरला तसा, त्यातल्या ओलीसकट, असा आकडा प्रयोगशाळेकडे मागा. ढिगात 12 टक्के ओल असताना वाळलेल्या नमुन्याचा उष्मांक वापरला, तर उष्णता कागदावर फुगते आणि मग ती गेली कुठे ते शोधत बसावे लागते.

जपा: ग्रेडच्या नावावर विसंबू नका. जी-11 ग्रेड म्हणजे किलोला 4,001 ते 4,300 किलोकॅलरी. पण हा पट्टा खाणीतून निघालेल्या मालाचा. दोन हातांतून फिरून आलेल्या चुऱ्यात माती किती मिसळली, हे ग्रेड सांगत नाही.

एकक एकच ठेवा. 1,000 किलोकॅलरी म्हणजे 4.187 मेगाज्यूल. आपल्या उदाहरणात कोळसा 11 टन, कस किलोला 17.5 मेगाज्यूल (सुमारे 4,180 किलोकॅलरी). तूस 5 टन, किलोला 13 मेगाज्यूल. वाळलेली लाकडे 2 टन, किलोला 15 मेगाज्यूल.

## टप्पा 3: वीस खुणेच्या विटा

सगळा हिशोब विटेच्या वजनावर उभा राहतो, आणि नेमके तेच कोणी मोजत नाही. वीस विटा निवडा. त्या थापून झाल्यावर, अजून अंगठ्याने किंचित दबतील इतक्या ओल्या असताना, लांब बाजूवर खिळ्याने 1 ते 20 आकडे खोल कोरा. खडूने किंवा रंगाने लिहिलेले भट्टीत टिकत नाही, आणि वरवर ओरखडलेला आकडा राखेच्या थराखाली दिसत नाही.

रचण्याच्या दिवशी, थरात ठेवायच्या अगदी आधी, या विसही विटा तोला. त्याच गंजीतली खूण नसलेली एक वीट फोडा, तिचे तुकडे लगेच तोला आणि 105 ते 110 अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. यातून "वाळली" म्हणून रचलेल्या विटेत प्रत्यक्षात किती पाणी होते ते कळते. बाहेरून पांढुरकी, खणखणीत दिसणारी काळ्या मातीची वीट आतून ओलसर असू शकते. मधून फोडलीत तर गाभा गडद दिसतो.

वीस विटा भट्टीभर विखरून ठेवा: काही तळच्या थरात, काही मध्यावर, काही माथ्याला, आणि चार-पाच बाहेरच्या कडेला. जागा वहीत लिहा. सगळ्या मध्यात ठेवल्या तर भट्टी आहे त्यापेक्षा चांगली दिसेल.

आपल्या उदाहरणातल्या सरासऱ्या अशा: रचताना वीट 3.35 किलो, पूर्ण वाळवल्यावर 3.10 किलो, भाजून निघाल्यावर 2.80 किलो. म्हणजे विटेमागे 250 ग्रॅम पाणी भट्टीत गेले. पुढे कमी झालेल्या 300 ग्रॅममध्ये जळून गेलेले तूस आहे, मातीच्या कणांत बांधलेले पाणी आहे आणि चुनखडीतून निघालेला वायू आहे.

## टप्पा 4: पेटल्यावर काय पाहायचे

तापमान मोजायला के प्रकारचे थर्मोकपल पुरते, पण ते चिनीमातीच्या नळीत हवे. उघडी तार कोळशाच्या वायूत लवकर खराब होते आणि तापमान कमी दाखवू लागते. रचतानाच दोन-तीन ठिकाणी नळ्या बसवा: मध्याला, माथ्याखाली आणि कडेपासून दोन विटा आत. प्रत्येक ठिकाणी सर्वांत जास्त किती तापले, एवढा एकच आकडा आपल्याला लागतो.

मध्यात 930 अंश मिळाले म्हणून सगळी भट्टी 930 धरू नका. कडेच्या विटा बऱ्याच कमी तापतात. आपल्या उदाहरणात तिन्ही जागा आणि त्या त्या भागातल्या विटांची संख्या धरून सरासरी 850 अंश घेतली आहे.

थर्मोकपल नसेल तर तापमानाचा अंदाज बांधावाच लागेल. तसे असेल तर पुढच्या सातव्या टप्प्यातल्या आकड्यापुढे "अंदाज" असे स्पष्ट लिहा. हजारी इंधनाचा सहाव्या टप्प्यातला आकडा मात्र थर्मोकपलवाचूनही पक्का निघतो.

## टप्पा 5: भट्टी उघडताना

वजन करण्याआधी पाणी मारू नका. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. राख बसावी, विटा लवकर थंड व्हाव्यात म्हणून पाइप लावला जातो, आणि भाजलेली वीट ते पाणी शोषून घेते. भारतीय मानक 1077 मध्ये साधारण विटेला 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. भिजलेली 2.8 किलोची वीट 3.2 किलो भरली, तर किलोमागचे इंधन कागदावर आपोआप कमी होते आणि भट्टी फुकटात सुधारल्यासारखी दिसते.

खुणेच्या विटा कोरड्या काढून तोला. मग मोजणी करा: एकूण किती निघाल्या, त्यांतल्या विकण्याजोग्या किती, कच्च्या किती, वितळून खंगर झालेल्या किती, तुटलेल्या किती. आपल्या उदाहरणात 50,000 पैकी 44,000 विकण्याजोग्या निघाल्या. उरलेल्या 6,000 मध्ये बहुतेक कडेच्या आणि माथ्याच्या कच्च्या विटा आहेत.

जपा: मागच्या भरणीतल्या कच्च्या विटा या वेळी पुन्हा रचल्या असतील, तर त्या वेगळ्या मोजा. त्यांच्यात मातीचे पाणी उरलेले नसते, तूसही बरेचसे जळून गेलेले असते, म्हणून त्या कमी उष्णतेत भागतात. नव्या विटांत मिसळल्या की भरणीचा आकडा विनाकारण चांगला येतो.

दोन गोष्टी हातात घेऊन पाहा. पहिली राख. तळाची आणि विटांच्या फटींतली राख वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करून बोटांनी चोळा. काळे, चकाकते कण दिसत असतील, तर तो न जळलेला कोळसा आहे. नक्की किती ते प्रयोगशाळा सांगते: राख पुन्हा जाळतात आणि घटलेले वजन पाहतात. दुसरी वीट. खुणेच्या चार-पाच विटा हातोड्याने मधून फोडा. बाहेर लाल आणि आत काळा गाभा दिसला, तर आतपर्यंत हवा पोचली नाही आणि कालवलेल्या तुसाचा कार्बन तिथे अडकून राहिला, असा बहुधा अर्थ होतो. काळ्या गाभ्याची रुंदी पट्टीने मोजून लिहा. अशी वीट बाहेरून उत्तम दिसते, पण तिच्यासाठी मोजलेले तूस पुरते कामाला आलेले नसते.

## टप्पा 6: हजारीचा हिशोब

आता बेरीज करू.

```
कोळसा   11,000 किलो × 17.5 = 1,92,500 मेगाज्यूल
तूस      5,000 किलो × 13   =   65,000 मेगाज्यूल
लाकूड    2,000 किलो × 15   =   30,000 मेगाज्यूल
एकूण                        = 2,87,500 मेगाज्यूल

हजारी    2,87,500 ÷ 50     = 5,750 मेगाज्यूल
किलोमागे 5,750 ÷ 2,800     = 2.05 मेगाज्यूल
```

हजार विटांमागे 5,750 मेगाज्यूल, आणि भाजलेल्या विटेच्या किलोमागे 2.05 मेगाज्यूल. दुसऱ्या भट्टीशी तुलना करायची ती या किलोच्या आकड्याने. हजारीचा आकडा तुमच्याच भट्टीच्या, त्याच साच्याच्या दोन भरण्यांची तुलना करायला ठीक आहे. साचा बदलला, वीट 2.8 ऐवजी 2.3 किलोची झाली, की हजारी इंधन कमी होणारच. त्यात भट्टीचे कर्तृत्व काही नाही.

आता नेहमीची चूक काय करते ते पाहा. फक्त कोळसा धरला तर हजारी 220 किलो, म्हणजे 3,850 मेगाज्यूल, आणि किलोमागे 1.38. चांगल्या चालवलेल्या चिमणीच्या भट्ट्या किलोमागे साधारण 1.1 ते 1.5 मेगाज्यूल घेतात. म्हणजे कागदावर ही उघडी भट्टी ग्वाल्हेरकडच्या चिमणीच्या भट्टीच्या बरोबरीला जाऊन बसली! मालक मग म्हणतो की बदलायची गरजच काय. तूस आणि लाकूड वहीत आले असते, तर किलोमागे दोनच्या वरचा खरा आकडा समोर असता.

विकण्याजोग्या विटांवर भागले की हजारी 6,534 मेगाज्यूल येतात. धंद्याच्या दृष्टीने खरा आकडा हाच, कारण कच्च्या विटांवर जळालेले इंधनही याच 44,000 विटांच्या किमतीतून वसूल व्हायचे असते. वहीत दोन्ही लिहा आणि कुठला कशावर भागलेला आहे तेही शेजारी लिहा.

तपासा: उघड्या भट्टीचा किलोमागचा आकडा दीडच्या खाली आला, तर आनंद मानण्याआधी तीन गोष्टी पुन्हा पाहा: एखादे इंधन सुटले का, विटा ओल्या तोलल्या का, आणि जुन्या कच्च्या विटा मोजणीत आल्या का.

## टप्पा 7: विटेत गेलेली उष्णता

ही उष्णता तीन कामांत जाते. तिघांची बेरीज एकदम करू नका. आधी वेगवेगळी काढा, कारण पुढे टक्का काढताना त्यांचा अर्थ वेगळा होतो. खालचे सगळे आकडे हजार विटांचे, म्हणजे भाजलेल्या 2,800 किलो वजनाचे आहेत.

पाणी उडवणे. विटेमागे 250 ग्रॅम, म्हणजे हजारी 250 किलो पाणी. 30 अंशांचे पाणी 100 अंशांवर नेऊन त्याची वाफ करायला किलोला सुमारे 2.55 मेगाज्यूल लागतात. 250 × 2.55 म्हणजे साधारण 640 मेगाज्यूल. हे काम उन्हाने फुकट केले असते.

माती बदलणे. 450 ते 600 अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेले पाणी सुटते. आणखी वर चुनखडी फुटून तिच्यातला वायू निघतो, आणि दर किलो चुनखडीला 1.78 मेगाज्यूल लागतात. माती वीट होते ती इथे. ही उष्णता भट्टीवर मोजता येत नाही, ती मातीच्या घडणीवरून काढावी लागते. भाजलेल्या विटेच्या किलोमागे साधारण 0.2 ते 0.4 मेगाज्यूल धरतात. आपण 0.25 धरू: 2,800 × 0.25 म्हणजे 700 मेगाज्यूल. चुनखडीचे खडे जास्त असलेल्या मातीसाठी हा आकडा वाढवा. ते खडे बारीक न करता तसेच ठेवले, तर पुढे पाणी लागून विटेचे टवके उडतात. ती वेगळी डोकेदुखी.

वीट तापवणे. भाजलेल्या मातीच्या एका किलोला एक अंश तापवायला या पल्ल्यात सरासरी 0.95 किलोज्यूल लागतात. 30 पासून 850 अंशांपर्यंत, म्हणजे 820 अंश. 2,800 × 0.95 × 820 म्हणजे सुमारे 21,80,000 किलोज्यूल, अर्थात 2,180 मेगाज्यूल.

तिन्ही मिळून 3,520 मेगाज्यूल. जळालेले 5,750. उरलेले 2,230 मेगाज्यूल धुरातून, भट्टीच्या अंगातून, जमिनीत आणि न जळलेल्या कोळशात गेले. यातला न जळलेला भाग तपासता येतो. या कोळशात 36 टक्के राख धरली, तर 11 टनांची जवळपास 4 टन राख होते. त्या राखेत 10 टक्के कार्बन उरलेला निघाला, तर तो जवळपास साडेचारशे किलो होतो, आणि किलोला सुमारे 33 मेगाज्यूल धरता हजारी 290 मेगाज्यूल होतात. एकूण इंधनाच्या 5 टक्के, न जळता राखेत टाकून दिलेले.

जपा: प्रयोगशाळेचा उष्मांक बहुधा ढोबळ असतो, म्हणजे त्यात इंधनाच्या धुरातली वाफ निवल्यावर मिळणारी उष्णताही धरलेली असते. भट्टीत ती मिळत नाही. कोळशात हा फरक 4-5 टक्क्यांचा, तुसात आणि लाकडात आणखी जास्त. आपण ढोबळ आकडा वापरला आहे, म्हणून हा फरक 2,230 मेगाज्यूलच्या तोट्यात बसतो. दोन भरण्यांत एकदा ढोबळ आणि एकदा निव्वळ, असे मात्र करू नका.

## टप्पा 8: टक्का काढताना काय विचारले आहे ते ठरवा

3,520 भागिले 5,750 म्हणजे 61 टक्के. "आमच्या भट्टीची 60 टक्के उष्णता विटेत जाते" हे वाक्य इथून येते. पण तापलेल्या विटेतले 2,180 मेगाज्यूल विटेत राहत नाहीत. भट्टी थंड होताना ते हवेत जातात. भट्टीतून बाहेर आलेली वीट आत गेली तेवढीच थंड असते. परत न येणारी उष्णता फक्त पाण्याची आणि मातीच्या बदलाची, म्हणजे 1,340 मेगाज्यूल, 23 टक्के. आणि पाणी उन्हात उडवता आले असते असे म्हटले, तर वीट घडवायला लागले ते 700 मेगाज्यूल, फक्त 12 टक्के.

तापलेल्या विटेतली उष्णता हे उसने दिलेले धान्य आहे. ते परत घ्यायचे की सोडून द्यायचे, हे भट्टीची रचना ठरवते. उघड्या भट्टीत आग खालून वर सरकते, तेव्हा खालच्या भाजून झालेल्या विटांमधून वर जाणारी हवा थोडी तापते, म्हणजे काही परतफेड होते. पण कडा आणि माथा उघडे असल्यामुळे बाकीची निघून जाते. ही परतफेड होते म्हणूनच खरा तोटा 2,230 मेगाज्यूलहून जास्त असतो: तीच उष्णता आपल्या बेरजेत दोन विटांच्या नावावर चढलेली असते.

चिमणीच्या झिगझॅग भट्टीत ही गोष्ट ठळक दिसते. तिथे हवा आधी भाजलेल्या गरम विटांतून वाहत येते आणि आगीनंतरचा धूर पुढच्या कच्च्या विटा तापवत जातो. अशी भट्टी किलोमागे 1.1 मेगाज्यूल, म्हणजे आपल्या विटेला हजारी 3,080 मेगाज्यूल घेते असे धरा. तिथली वीट 980 अंशांपर्यंत तापवायलाच 2,800 × 0.95 × 950, म्हणजे 2,500 हून जास्त मेगाज्यूल लागतात. त्यात माती बदलायचे 700 आणि थोडे पाणी धरले, की विटेत गेलेली उष्णता जळालेल्या इंधनापेक्षा जास्त निघते. गणित चुकलेले नाही. तीच उष्णता एका विटेतून दुसरीत फिरते आहे. अशा भट्टीला "विटेत किती टक्के गेली" हा प्रश्न तापवण्याच्या उष्णतेसकट विचारणे निरर्थक आहे.

म्हणून दोन प्रकारच्या भट्ट्यांची तुलना करायची असेल, तर परत न येणाऱ्या उष्णतेचाच टक्का घ्या, आणि पाणी धरले की नाही ते सांगा. उघड्या भट्टीचे 61 टक्के आणि झिगझॅगचे 30-35 टक्के असे शेजारी ठेवून उघडी भट्टी वरचढ ठरवणारी मांडणी कोणी दाखवली, तर आधी व्याख्या विचारा.

## टप्पा 9: कपात कुठून सुरू करायची

आधी पाणी. विटेमागे 250 ग्रॅमचे 120 ग्रॅम झाले, तर हजारी 130 किलो पाणी कमी उडवावे लागते, म्हणजे सुमारे 330 मेगाज्यूल, जवळपास 19 किलो कोळसा. 50,000 विटांच्या भरणीत हे साडेनऊशे किलोंच्या घरात जाते. काळ्या मातीच्या विटा सुरुवातीला थेट उन्हा-वाऱ्यात ठेवल्या तर तडकतात. पहिले दिवस सावलीत किंवा झाकून, मग फटी ठेवून जाळीदार गंजीत, आणि रचण्याआधी एक वीट फोडून गाभ्याचा रंग पाहायचा.

मग कडा. 6,000 कच्च्या विटांवर 5,750 च्या दराने 34,500 मेगाज्यूल, म्हणजे जवळपास 2 टन कोळशाइतकी उष्णता खर्ची पडली. बाहेरून चिखलाचा लेप जाड आणि बिनभेगांचा ठेवणे, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करणे, कडेच्या थरांत इंधन थोडे वाढवून मध्यात तेवढेच कमी करणे, यांनी हा आकडा हलतो. खुणेच्या कडेच्या विटा पुढच्या भरणीत सांगतील किती हलला ते.

त्यानंतर राखेतला कार्बन आणि विटेचा काळा गाभा. कोळसा फार बारीक चुरा असेल तर थरात हवा अडते. ढेकळे फार मोठी असतील तर आतून जळत नाहीत. गाभा काळा येत असेल तर पुढच्या कालवणात तूस कमी करून पाहा.

कोळशाचे माप सर्वांत शेवटी कमी करा. उलट क्रमाने केले तर काय होते त्याचे गणित: काहीही न बदलता कोळसा 1 टनाने कमी केला, एकूण उष्णता 2,70,000 मेगाज्यूल झाली, आणि कडेच्या विटा आणखी कच्च्या राहून विकण्याजोग्या 44,000 च्या 40,000 झाल्या. सगळ्या विटांवर भागले तर हजारी 5,750 चे 5,400 दिसतात. विकण्याजोग्या विटांवर भागले तर 6,534 चे 6,750 होतात.